पासवर्ड व्हॉल्टची तपासणी: कमकुवत, पुन्हा वापरलेल्या आणि जुन्या नोंदी कोणत्या क्रमाने दुरुस्त कराव्यात

पासवर्ड मॅनेजरमधला अहवाल पहिल्यांदा उघडला की शंभरएक नोंदींवर लाल खूण दिसते. बरेच जण यादीच्या वरच्या टोकापासून सुरुवात करतात आणि विसाव्या नोंदीला कंटाळून थांबतात. तोवर बदललेले असतात ते कुठल्याशा जुन्या फोरमचे आणि एकदाच खरेदी केलेल्या दुकानाचे पासवर्ड. ईमेलचा पासवर्ड मात्र तसाच राहतो, कारण यादी काही धोक्याच्या क्रमाने लावलेली नसते. क्रम आपल्यालाच ठरवावा लागतो. शिवाय अहवाल जे मोजतो आणि खरा धोका जिथे असतो, त्यांत फरक आहे आणि तो पुन्हा वापरलेल्या पासवर्डांच्या बाबतीत सर्वांत जास्त नडतो. म्हणून या लेखाचा भर त्याच भागावर आहे. उदाहरणांसाठी बिटवॉर्डन आणि कीपासएक्ससी हे दोन मॅनेजर घेतले आहेत. इतर मॅनेजरमध्ये नावे वेगळी असतील, पण काम हेच.

हात लावण्याआधी

आधी व्हॉल्टची एक प्रत काढून ठेवा. कीपासएक्ससीमध्ये हे सोपे आहे: .kdbx फाइलची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवली की झाले. बिटवॉर्डनमध्ये एक्स्पोर्ट करताना `.json (Encrypted)` निवडा आणि त्यातला `Password protected` हा प्रकार घ्या. `Account restricted` प्रकारची फाइल फक्त त्याच खात्यात परत उघडते, म्हणजे खातेच हातातून गेले तर ती प्रत निरुपयोगी.

CSV टाळा. त्यात सगळे पासवर्ड उघडे असतात आणि फाइल डाउनलोड फोल्डरमधून क्लाउडवर केव्हा सिंक झाली ते कळतही नाही. दुसरा त्रास कमी लोकांना माहीत असतो. CSV स्प्रेडशीटमध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली, तर `004512` चे `4512` होते आणि `=` ने सुरू होणारा पासवर्ड सूत्र समजला जातो. अशी फाइल परत इम्पोर्ट केली की काही पासवर्ड गुपचूप बिघडलेले असतात.

मग मास्टर पासवर्ड. तो दुसरीकडे कुठेही वापरला असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून तो आधी बदला. लक्षात राहील असा आणि तरी मजबूत मास्टर पासवर्ड हवा असेल तर यादीतून यादृच्छिक निवडलेले सहा शब्द पुरतात. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मोठ्या यादीत 7776 शब्द आहेत, त्यामुळे अंदाज बांधणे किती अवघड हे मोजणाऱ्या एककात एका शब्दाला सुमारे 12.9 बिट आणि सहा शब्दांना 77 च्या वर बिट मिळतात. शब्द फाशांनी किंवा जनरेटरने निवडायचे, मनाने नाही. मनाने निवडलेल्या शब्दांना हा हिशोब लागू होत नाही.

इथे एक अपवाद आहे. व्हॉल्टची प्रतच चोरीला गेली असेल, तर मास्टर पासवर्ड बदलून त्या प्रतीचे कुलूप बदलत नाही. 2022 मध्ये लास्टपासमधून ग्राहकांच्या व्हॉल्टच्या प्रती चोरांच्या हाती लागल्या, तेव्हा नेमकी हीच अडचण झाली. अशा वेळी आतले पासवर्डच बदलावे लागतात, आणि तेही पुढे दिलेल्या क्रमानेच.

अहवाल नेमके काय सांगतो

बिटवॉर्डनमध्ये वेब व्हॉल्ट उघडून `Reports` मध्ये जा. वैयक्तिक खात्यासाठी यातले बहुतेक अहवाल सशुल्क योजनेत आहेत. कीपासएक्ससीमध्ये `Database` मेनूतून `Database Reports` उघडले की `Health Check` आणि `HIBP` हे दोन भाग मिळतात आणि ते मोफत आहेत.

फुटलेल्या पासवर्डांची तपासणी 'हॅव आय बीन प्वन्ड' या सेवेच्या साठ्याशी ताडून होते. त्यासाठी पासवर्ड बाहेर पाठवावा लागत नाही. पासवर्डचा SHA-1 हॅश, म्हणजे त्यापासून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, तुमच्याच यंत्रावर काढला जातो आणि त्याची फक्त पहिली पाच अक्षरे पाठवली जातात. `password` या शब्दाचा हॅश `5BAA6` ने सुरू होतो. सेवा त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे हॅश परत पाठवते आणि जुळणी पुन्हा तुमच्याच यंत्रावर होते. इथे नाव निघाले तर अर्थ इतकाच, की हीच अक्षरे कुणाच्या तरी फुटलेल्या यादीत आहेत. तुमचेच खाते फुटले असे त्यातून सिद्ध होत नाही. पण हल्ला करणारे याच याद्या वापरून पाहतात, म्हणून तो पासवर्ड बादच समजायचा. उलट, नाव निघाले नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण प्रत्येक चोरीचा माल उघड होतोच असे नाही.

कमकुवतपणा मोजायला दोन्ही मॅनेजर झेडएक्ससीव्हीबीएन ही पद्धत वापरतात. ती सामान्य पासवर्ड, इंग्रजी शब्द, नावे, तारखा आणि कीबोर्डवरच्या सलग कळा ओळखते. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिला तर तो तिच्या शब्दसंग्रहात बहुधा नसतो आणि तिला तो निरर्थक अक्षरांचा पुंजका वाटतो. म्हणून `Chandane@2019` ला ती जेवढे गुण देते, तेवढ्याची त्याची लायकी नसते. मराठी शब्दांची यादी जवळ असलेल्या माणसाला 'शब्द, चिन्ह, साल' हा साचा फोडायला फार वेळ लागत नाही. शब्द मनाने रचलेला असेल तर मीटर हिरवा असला तरी ती नोंद कमकुवत धरा.

पुन्हा वापराचा अहवाल फक्त तंतोतंत सारखे पासवर्ड पकडतो. `Chandane@2019` आणि `Chandane@2021` हे त्याच्या लेखी दोन वेगळे, अगदी स्वतंत्र पासवर्ड. प्रत्यक्षात पहिला फुटला की दुसरा ओळखायला डोके चालवावे लागत नाही. शेवटचा आकडा वाढवून पाहणारी साधने हे काम आपोआप करतात.

आधी गट बांधा, मग बदला

समजा व्हॉल्टमध्ये 180 नोंदी आहेत आणि अहवालात `Chandane@2019` हा पासवर्ड 14 ठिकाणी दिसतो. सर्वांत आधी या 14 नोंदींत खरी खाती किती, ते पाहा. एकाच दुकानाच्या तीन नोंदी असतात: एक मुख्य संकेतस्थळाची, एक अॅपने जपलेली, एक जुन्या लॉगिन पानाची. एकाच कंपनीच्या दोन सेवांना एकच खाते चालते, त्याच्याही दोन नोंदी असतात. अशा जोडनोंदी एक करून टाका. बिटवॉर्डनमध्ये एका नोंदीत अनेक पत्ते ठेवता येतात, तेव्हा सगळे पत्ते एकीत घेऊन बाकीच्या पुसा. पुसण्यापूर्वी कोणत्या नोंदीतला पासवर्ड खरोखर चालतो ते लॉगिन करून पाहा. नवी दिसणारी नोंदच चालू असेल असे नाही. आपल्या उदाहरणात दुकानाच्या दोन आणि सेवेची एक अशा तीन नोंदी गेल्या आणि 11 खाती उरली.

आता या कुटुंबातली इतर भावंडे शोधा. कीपासएक्ससीमध्ये शोधपट्टीत पासवर्डमधला मजकूर शोधता येतो:

```
p:chandane
```

बिटवॉर्डनची शोधपट्टी पासवर्डच्या आत पाहत नाही. त्यावर उपाय असा: वर काढलेली पासवर्ड-संरक्षित JSON फाइल कीपासएक्ससीच्या अलीकडच्या आवृत्तीत इम्पोर्ट करायची, तिथे शोध घ्यायचा आणि काम झाले की ती तात्पुरती फाइल पुसायची. शोधात `Chandane@2021` च्या सहा नोंदी आणि `chandane123` ची एक नोंद निघाली, तर त्याही याच गटात धरायच्या. आता गट 18 खात्यांचा झाला.

या 18 जणांवर खूण करा आणि ती पहिला पासवर्ड बदलण्याआधी करा. कारण असे आहे: अहवाल दोन किंवा जास्त सारखे पासवर्ड असले तरच नोंद दाखवतो. तुम्ही एकेक बदलत गेलात की शेवटी `Chandane@2019` एकाच खात्याला उरतो. आता तो 'अनन्य' आहे, म्हणून यादीतून गायब. मीटर त्याला बरा म्हणतो, फुटलेल्यांच्या यादीतही तो कदाचित नाही. तिन्ही अहवाल कोरे. पण हा पासवर्ड इतकी वर्षे इतर दहा ठिकाणी होता आणि त्यातल्या एखाद्या ठिकाणाहून तो गेला असेल, तर त्या शेवटच्या खात्याचे दार अजून उघडेच आहे. ज्या नोंदी कंटाळून मागे ठेवल्या जातात, त्या नेमक्या अशाच सुटतात.

खूण म्हणून कीपासएक्ससीमध्ये टॅग लावा. बिटवॉर्डनमध्ये फोल्डर बदलू नका, कारण वैयक्तिक व्हॉल्टमधली नोंद एका वेळी एकाच फोल्डरमध्ये राहते आणि जुनी मांडणी मोडते. त्याऐवजी नोंदीच्या नावापुढे `ग1` असे लिहा. शोधपट्टीत `ग1` टाकले की गटातले किती उरले ते दिसते. पासवर्ड बदलला, तपासला की खूण काढायची. गट तेव्हाच संपला, जेव्हा या शोधात काहीच सापडत नाही.

क्रम: कोणते खाते दुसऱ्याचे दार उघडते

पहिला मान ईमेलचा, आणि त्यातही त्या ईमेलचा, ज्यावर बाकीच्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' येतात. त्या मुख्य ईमेलचा पासवर्ड चांगला असला तरी त्याचा रिकव्हरी पत्ता म्हणून दिलेले जुने दुसरे ईमेल तपासा. आपल्या उदाहरणात गटातल्या 18 मध्ये ते आहे असे धरू. मग मुख्य ईमेलचा पासवर्ड कितीही मजबूत असला तरी मागचे दार `Chandane@2019` नेच उघडते. म्हणून हे विसरलेले ईमेल पहिले. तिथे पासवर्ड बदलण्याबरोबर फॉरवर्डिंग आणि फिल्टरचे नियमही पाहा. कुणी आधीच आत शिरून मेलची नक्कल स्वतःकडे वळवली असेल, तर नवा पासवर्ड ते वळवणे थांबवत नाही.

ईमेलनंतर लगेच एक गाठ सोडवा. ईमेलचा पासवर्ड व्हॉल्टमध्ये, व्हॉल्टच्या लॉगिनची खातरजमा ईमेलवर आणि दोघांचे द्विस्तरीय कोड एकाच फोनमध्ये असतील, तर तो फोन हरवला की दोन्ही बंद. दोन्ही खात्यांचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा.

दुसरा टप्पा पैशांचा: बँक, पेमेंट, कार्ड जपून ठेवलेली दुकाने. तिसरा टप्पा तुमच्या नावाने बोलणाऱ्या आणि तुमचा डेटा ठेवणाऱ्या खात्यांचा: सोशल मीडिया, मेसेजिंग, फोटो, कागदपत्रांचा साठा, आणि 'अमुकने साइन इन करा' म्हणून ज्यांचा आधार घेतलात ती खाती. कामाच्या ठिकाणचे खाते गटात असेल तर ते दुसऱ्या टप्प्यात ओढा. 2012 मध्ये ड्रॉपबॉक्सच्या एका कर्मचाऱ्याचा पुन्हा वापरलेला पासवर्ड चोरांच्या हाती लागला आणि त्याच्या खात्यातून ग्राहकांच्या ईमेल पत्त्यांची फाइल बाहेर गेली.

उरलेल्यांना घाई नाही. प्रत्येक टप्प्याच्या आत मात्र फुटलेले आधी, पुन्हा वापरलेले नंतर आणि फक्त कमकुवत पण एकाच ठिकाणी असलेले शेवटी घ्या. दूरस्थ लॉगिनवर बहुतेक सेवा चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा घालतात, त्यामुळे नुसता कमकुवत पासवर्ड अंदाजाने फोडणे त्रासाचे असते. फुटलेला पासवर्ड मात्र पहिल्याच प्रयत्नात चालतो.

एक नोंद बदलताना

मेलमधल्या दुव्यावरून जाऊ नका, व्हॉल्टमधल्या पत्त्यावरून जा. पासवर्ड बदलायचे पान सापडत नसेल तर अनेक संकेतस्थळे हा ठरावीक पत्ता ओळखतात:

```
https://example.com/.well-known/change-password
```

पान उघडले की 'सध्याचा पासवर्ड' हा रकाना आधी भरून घ्या. मग मॅनेजरमध्ये नोंद संपादित करून 20 अक्षरांचा नवा पासवर्ड तयार करा, नोंद सेव्ह करा आणि तोच पासवर्ड पानावर पेस्ट करा. आधी सेव्ह करायचे कारण असे की पानावर बदल झाला आणि ब्राउझर बंद पडला, तर नवा पासवर्ड कुठेच नसतो. पान चिन्हे नाकारत असेल तर हट्ट न करता फक्त अक्षरे व अंक घ्या, आणि मर्यादा असेल तेवढी लांबी पूर्ण वापरा.

संकेतस्थळ वारंवार नाकारत असेल तर प्रत्येक वेळी नवा तयार करून सेव्ह करत बसू नका. बिटवॉर्डन नोंदीच्या इतिहासात शेवटचे पाच पासवर्ड ठेवते. सहाव्या प्रयत्नाला मूळ, अजून चालू असलेला पासवर्ड त्यातून बाहेर पडतो. मग सुरुवातीला काढलेली प्रतच कामाला येते.

बदल झाला की 'सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट' हा पर्याय वापरा, कारण बऱ्याच सेवांत जुने सत्र पासवर्ड बदलल्यावरही चालू राहते. मग खाजगी विंडो उघडून मॅनेजरच्या ऑटोफिलने लॉगिन करा. ही चाचणी सोडू नका. काही पाने पासवर्ड बदलण्याच्या रकान्यात 16 अक्षरांची मर्यादा ठेवतात आणि पेस्ट केलेल्या 20 पैकी शेवटची चार न सांगता कापतात. लॉगिनच्या पानावर मात्र मर्यादा नसते, तिथे पूर्ण 20 जातात आणि 'पासवर्ड चुकीचा' असे उत्तर येते. अशा वेळी पहिली 16 अक्षरेच टाकून पाहा. आत शिरता आले तर कारण सापडले. लगेच 16 अक्षरांचा नवा पासवर्ड लावून टाका.

शेवटी ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यातली जुनी नोंद पुसा, नाहीतर ऑटोफिलमध्ये दोघांची चढाओढ लागते आणि जुना पासवर्ड भरला जातो. क्रोममध्ये `chrome://password-manager/passwords`, फायरफॉक्समध्ये `about:logins`. कीपासएक्ससीची फाइल दोन उपकरणांवर असेल तर सगळे बदल एकाच उपकरणावर करा आणि सिंक पूर्ण झाल्यावरच दुसरीकडे उघडा. नाहीतर 'conflicted copy' नावाची दुसरी फाइल तयार होते आणि अर्धे नवे पासवर्ड एकीत, अर्धे दुसरीत जातात. झालेच तर `Database` मेनूतल्या `Merge From Database` ने दोन्ही एकत्र करता येतात.

एका खात्याला हे सगळे धरून चार-पाच मिनिटे लागतात. एका बैठकीत दहापेक्षा जास्त घेतले की चाचणी वगळली जाते आणि चुका तिथेच होतात.

जुन्या नोंदींचे काय

नुसते वय हा बदलण्याचा निकष नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 च्या मार्गदर्शिकेतच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, फुटल्याचा पुरावा असेल तर बदलायला लावावा, असे सांगितले. जनरेटरने बनवलेला, एकाच ठिकाणी वापरलेला सहा वर्षांपूर्वीचा पासवर्ड बदलून काही मिळत नाही.

शिवाय व्हॉल्टमधली तारीख फसवी असते. टीप लिहिली किंवा नाव बदलले तरी 'शेवटचा बदल' पुढे सरकतो. दुसऱ्या मॅनेजरमधून इम्पोर्ट केल्यावर सगळ्या नोंदींना बहुधा एकच तारीख पडते. तेव्हा तारखेऐवजी तीन गोष्टी पाहा. पासवर्ड जनरेटर वापरायला लागण्याआधीचा आहे का? मधल्या काळात त्या सेवेत चोरी झाल्याचे जाहीर झाले का? तो कधी कुणाला सांगितला होता का, म्हणजे जोडीदाराला, जुन्या सहकाऱ्याला, दुरुस्तीवाल्याला? तिन्हींचे उत्तर नाही असेल तर ती नोंद सोडून द्या.

जुन्या नोंदींत मेलेली खाती मात्र भरपूर सापडतात. खाते नको असेल तर पासवर्ड बदलण्यापेक्षा खातेच बंद करा. आधी त्यातले जपलेले कार्ड आणि पत्ता काढा, कारण काही सेवा 'बंद' म्हणतात आणि माहिती तशीच ठेवतात. संकेतस्थळच उरले नसेल तर नोंद पुसून चालेल. पण तोच पासवर्ड गटात असेल, तर गट संपेपर्यंत ती नोंद ठेवा. पासवर्ड कुठेकुठे पसरला होता याचा तो एक दाखला असतो.

काही नोंदी अहवालात कायम लाल राहणार: चार अंकी पिन, सामानाच्या कुलपाचा आकडा, पाच जणांनी मिळून वापरायचा वाय-फायचा पासवर्ड. कीपासएक्ससीमध्ये अहवालातल्या नोंदीवर राइट क्लिक करून `Exclude from reports` निवडता येते. बिटवॉर्डनमध्ये पिन लॉगिनऐवजी सुरक्षित टीप म्हणून ठेवला की तो अहवालात मोजला जात नाही. ही यादी जितकी छोटी, तितके पुढच्या वेळी खरे लाल चटकन दिसते.

सगळ्या खुणा निघाल्यावर अहवाल पुन्हा एकदा चालवा आणि महिनाभर काही अडले नाही, तर सुरुवातीला काढलेली जुनी प्रत पुसून ताजी काढा.